मधला चौकोन

९ नोव्हेंबर, शनिवार

दारातच! अजून कोटाची बटणं सोडली नव्हती, तोच काकूंनी दंड धरला. "काय मग, पुढचा नंबर तुझाच ना?"

काकू म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. आम्हा भावंडांत त्यांचं नाव चौकशीखिडकी. फरक इतकाच, की खऱ्या चौकशीखिडकीपाशी प्रश्न आपण विचारतो. इथे खिडकीच विचारते. आज त्यांच्याच मुलाचं लग्न होतं. दोनशे पाहुणे, फुलवाला उशिरा आलेला, माइक खरखरतोय — एवढ्या धबडग्यात बाईंना वेळ कशाला मिळाला? मला गाठायला!

मी म्हटलं, "काकू, मी रांगेतच उभी नाही. नंबर कुठून येणार?"

त्या खो खो हसल्या. "बोलण्यात कोण हरवणार बाई तुला!" म्हणाल्या, आणि वळल्या पुढच्या पाहुण्याकडे. म्हणजे उत्तर ऐकलंच नाही. ते हवंच नव्हतं.

मी इतिहास शिकवते, आणि कामगार संघटनेच्या सभांत बोलते. मालकांच्या वकिलांना गप्प केलंय. घरात मला 'तोफ' म्हणतात. आणि अडतीस वर्षांची ही तोफ एका वाक्यापुढे दरवेळी ओली होते. तळपायाची आग मस्तकात जाते, आणि चेहऱ्यावर काय? तर हसू. कारण लग्न आहे. कारण लोक बघतायत. कारण त्या मोठ्या आहेत.

जेवणाच्या टेबलापाशी आणखी एक गंमत. माझी मावसबहीण चिमणी ताट घेऊन मुद्दाम काकूंच्या भोवती घुटमळत होती. एरवी ही पोरगी त्यांना बघून खांबाआड लपते! काकू तिला काहीतरी म्हणाल्या. चिमणीने मान डोलावली, फोन काढला, त्यावर बोटाने काहीतरी गिरवलं आणि भर हॉलमध्ये ओरडली —

"बिंगो!"

तीन कोपऱ्यांतून टाळ्या. सगळी आमचीच भावंडं.

हा काय प्रकार? उद्या छडा लावते.

१० नोव्हेंबर, रविवार

लावला. आणि डोकं सणकलं.

भावंडांचा एक ग्रुप आहे, 'पुढचं कोण?' नावाचा. मीही त्यात आहे, पण उघडत नाही. आज उघडला. लग्नाचा हंगाम सुरू झाला की तिथे मीम्सचा पूर येतो. सगळ्यांचा साचा एकच. वर 'काकू :', समोर प्रश्न. खाली 'मी :', आणि समोर शब्दच नाहीत — एक चित्र. भिंतीतून आरपार जाणारी मांजर. खुर्चीखाली शिरलेला कुत्रा. केकमध्ये तोंड खुपसलेलं बाळ. चित्र इतक्यांदा पुढे पाठवलेलं की कडा झिजून पिठासारख्या झाल्यात. मूळ कुणाचं, कुणालाच माहीत नाही. कोपऱ्यात कुणा पेजचं नाव होतं, तेही कापलेलं. खाली भावंडांची टोकाटोकी — "हे तूच!", "नाही, हे तू मागच्या महिन्यात!"

अडाण्यासारखी वैतागले नाही, नीट वाचलं. कारखान्यातली पत्रकं वाचते तशी. एक गोष्ट लक्षात आली. या मीम्समध्ये कधीच नाव नसतं. गाव नसतं. वय नसतं. मुद्दाम! जेवढं कमी लिहाल तेवढ्या जास्त लोकांना ते आपलं वाटतं. कपाळावर फक्त 'काकू' लिहायचं. प्रत्येक जण आपापली काकू तिथे बसवतो. आणि हे शक्य का होतं? कारण प्रश्नसुद्धा तसाच आहे. साच्यातला. माझ्याविषयी त्यात काहीच नसतं. मी काय करते, कशात रमते, परवा कुणाशी भांडले — काही नाही. मला विचारलेला प्रश्न जसाच्या तसा शेजारणीला विचारता येतो. शिक्काच तो! आणि शिक्क्याची नक्कल करायला काय लागतं?

इथपर्यंत ठीक. मग ते कार्ड सापडलं.

पाच आडवे, पाच उभे. पंचवीस चौकोन. प्रत्येकात एक वाक्य. "वय निघून जातं गं." "आमच्या वेळी तर दोन मुलं होती." "तुझ्या मनात कुणी असेल तर सांग, आम्ही जुन्या विचारांचे नाही." "एवढं शिकून काय?" "एक स्थळ आहे, नुसतं बघ तरी." लग्नात ज्याच्या कानावर जे वाक्य पडेल त्याने तो चौकोन फोनवर रंगवायचा. आडवी, उभी किंवा तिरकी रेघ पूर्ण झाली की ओरडायचं. म्हणून चिमणी काकूंभोवती घुटमळत होती. तिला एकच चौकोन हवा होता! टोमणा मिळवायला गेली, आणि मिळाल्यावर नाचली.

आणि बरोबर मधला चौकोन. या खेळात मधला चौकोन फुकटचा असतो. खेळ सुरू व्हायच्या आधीच रंगवलेला, सगळ्यांना मिळालेला. कारण त्यातलं वाक्य ऐकू येणारच, याची खात्री असते. त्यातून चार रेघा जातात. सर्वांत जास्त उपयोगी तोच.

त्यात लिहिलं होतं — "बघू, तिचं काम जरा उरकलं की."

हे आईचं वाक्य. माझ्या आईचं! माझ्याविषयी कुणीही काहीही विचारलं की ती हेच सांगते. वर्षानुवर्षं. शब्द बदलत नाही, आवाज बदलत नाही.

तिला यांनी फुकटचा चौकोन केलं.

११ नोव्हेंबर, सोमवार

हा प्रश्न मी आयुष्यात कुणाला विचारलेला नाही. विद्यार्थिनींना नाही, मैत्रिणींना नाही, शत्रूलाही नाही. विचारणारही नाही. लिहून ठेवते.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

तास संपवून थेट चिमणीचं ऑफिस गाठलं. जाहिरातीची चित्रं करते ती. जेवणाच्या खोलीत कॉफीच्या यंत्रापाशी गाठली.

"ताई! तू इथे?"

"मधला चौकोन कुणी भरला?"

तिचा चेहरा उतरला. मग म्हणाली, "अगं, मावशीवर प्रेम म्हणून. सगळ्यांची लाडकी आहे ती."

"प्रेम? तिच्या तोंडचं वाक्य पकडायला हातात फोन धरून बसता, आणि हे प्रेम?"

मी सोडली नाही. म्हटलं, तुम्ही स्वतःला बंडखोर समजता, पण तुम्ही पहारेकरी झालात. ज्या प्रश्नाविरुद्ध उठायचं, त्याची वाट बघता. तो आला नाही तर तुमचा खेळ मोडतो! लाज विकून विनोद घेतला तुम्ही, आणि विनोद विकून पुन्हा तोच प्रश्न घ्याल. शेजारच्या टेबलावरच्यांनी चमचे खाली ठेवले. चिमणी आधी ऐकत राहिली. मग तीही तापली. मावशीचीच मुलगी, रक्त तेच.

"तुझं बरं आहे. तुला माइक मिळतो. मला पहिल्यांदा विचारलं ना, तेव्हा मी तेवीसची. नुकतं माझं मोडलं होतं, घरात कुणाला माहीत नव्हतं. मी हॉलच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. वाटलं, फक्त मलाच विचारतात. माझ्यातच काहीतरी उणं आहे, ते या सगळ्यांना दिसतंय. आणि तिथेच, कमोडच्या झाकणावर बसलेली असताना, एका मैत्रिणीने मीम पाठवलं. तेच वाक्य! शब्दाला शब्द! मी कधी न बघितलेल्या कुणीतरी, कुठल्यातरी घरात बसून, माझ्या काकूचं वाक्य लिहिलं होतं. खाली हजारो लोक — 'माझीपण', 'माझीपण'. ताई, मी रडता रडता हसले. मला कळलं, हे माझ्याबद्दल नाहीच. ते एक बटण आहे, लग्न दिसलं की दाबलं जातं. त्या दिवसापासून मला लागत नाही."

"लागत नाही की दाखवत नाहीस?"

"काकूंना उलट बोलू शकते का मी? आई चार दिवस अबोला धरेल. मग उत्तर कुठे द्यायचं? त्यांना देता येत नाही, म्हणून एकमेकांना देतो."

कॉफी गार झाली. तिचं म्हणणं मी घरापर्यंत चघळत आले. खरं सांगू? अर्धं पटलं. वर न जाणारं उत्तर आडवं जातं. ज्याला विचारलं तो, आपल्यासारख्याच दुसऱ्या विचारलेल्याकडे वळतो. संघटना तरी अशाच सुरू होतात. आधी माणसांना कळावं लागतं की फोरमन एकाच वाक्यात सगळ्यांना झापतो. मग लोक त्या वाक्याची नक्कल करायला लागतात. जेवणाच्या सुट्टीत. हसतात. हे मी स्वतः पाहिलंय.

पण नकलेनंतर फोरमनकडे जावं लागतं! नुसती नक्कल करत बसलात तर फोरमनलाच ती आवडायला लागते.

१३ नोव्हेंबर, बुधवार

चिमणीने ग्रुपमधून कार्ड काढून टाकलं. "सॉरी ताई." ठीक.

१६ नोव्हेंबर, शनिवार

ठीक कसलं!

काढून टाकलं म्हणून संपत नाही. कुणीतरी आधीच साठवलं होतं, कुणाकडून तरी मावशीला गेलं. आणि मावशीने — आईची धाकटी बहीण, चिमणीची आई, जिच्या मुलाचं या महिन्याअखेर लग्न — ते हसत हसत टाकलं मोठ्या ग्रुपवर. ज्यात आजोबांच्या वयाची माणसंही आहेत. 'बघा आपली मुलं किती हुशार!' म्हणून. मधलं वाक्य आपल्या सख्ख्या बहिणीचं आहे, हे तिला कळलंच नाही. इतकं रोजचं झालेलं वाक्य!

आणि कुणाला राग आला? कुणालाही नाही!

काकू : "मला तीन चौकोन मिळाले!! 😂"

काका : "माझा एकही नाही? पुढच्या लग्नात प्रयत्न करतो."

कुणीतरी : "वयाचा चौकोन माझा, त्यावर हक्क सांगू नये."

बरोबर हेच! हेच मी म्हणत होते! आरसा समोर धरला, तर त्यांनी त्यात केस विंचरले. मीमने त्यांना लाजवलं नाही, परवाना दिला. दुपारी काकूंचा मला निरोप — "रागावू नकोस हं, मी आपलं मीमसारखं विचारते — मग कधी? 😂" आता चिडलीस तर तुला विनोद कळत नाही! पूर्वी मी नुसती बिनलग्नाची होते. आता बिनलग्नाची आणि तुसडी.

फोन आपटायचा राहिला.

संध्याकाळी आईकडे पाहिलं. कपडे दुरुस्तीच्या दुकानातून आली होती. शिवण उसवायची सुई अजून कॉलरला टोचलेली. चष्मा नाकावर घसरलेला. त्याची काडी परत सैल झाली होती. गेल्या काही महिन्यांत ती काडी इतक्यांदा सैल झाली आहे, की तिच्या दुकानासमोरचा चष्मेवाला नक्की काय कसतो देव जाणे. फोन हातात. ग्रुप उघडा. ती बराच वेळ त्या चित्राकडे बघत होती. मग बोटाने एक हसरा चेहरा टाकला. एकच.

"पाहिलंस?" मी विचारलं.

"पाहिलं." आणि उठून कणीक मळायला गेली.

१७ नोव्हेंबर, रविवार

आई म्हणाली, "मावशीकडच्या लग्नाला तू जा. मी नाही येत."

सख्ख्या बहिणीच्या मुलाचं लग्न! त्या मुलाला तिनेच रांगायला शिकवलं, मावशी आजारी असताना.

"का?"

"काही नाही गं. आता त्याच त्या गप्पा नकोत."

झालं. इतकंच. तिने उशीचा अभ्रा उसवायला घेतला. चांगला होता तो अभ्रा.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

शिकवताना आज घसरले. क्रांतीच्या आधी लोक राजाबद्दल विनोद कसे करायचे, हा विषय. मी म्हटलं, "आणि ते विनोद राजालाही आवडायला लागले, की समजावं —" आणि थांबले. मुलं वाट बघत होती. काय समजावं, मलाच कळेना. घंटा झाली.

आता कळतंय मला कशाचा राग आहे. मीम माझ्या बाजूने असतं, आईच्या नाही. मीममधली 'मी' नेहमी तरुण असते. कंटाळलेली, चलाख, डोळे फिरवणारी. ती हॉलमधून निघून जाते, घरी जाऊन टाकते, हजार लोक पाठीशी उभे राहतात. पण हाच प्रश्न आईलाही विचारतात. माझ्यापेक्षा जास्त! मी सभांना असते, ती सगळ्यांच्या हाताशी सापडते. भाजीच्या दुकानात, जिन्यात, दुकानात कपडे घ्यायला आलेल्या बाईकडून. बाबा गेल्यावर तर सगळी चौकशी तिच्याच टेबलावर. "एकटीने वाढवलंस, आता एवढं झालं की सुटलीस." सुटलीस! मी म्हणजे तिची शिक्षा. आणि या सगळ्याला तिने एक वाक्य शोधलं, माझ्या आड उभं केलं, आणि मला कधी सांगितलंही नाही. आईचं मीम कुठाय? तिच्यासाठी कुठल्या पेजवर हजार लोक "माझंपण" म्हणतात?

मला लग्नात नवरा-नवरीविषयी दोन शब्द बोलायला सांगितलंय. दोन! देते दोन शब्द.

२० नोव्हेंबर, बुधवार

भाषण लिहितेय. सुरुवात : "इथे जमलेल्या सर्व प्रश्नकर्त्यांनो —"

छान बसलंय. आग आहे. काकूंचे तिन्ही चौकोन नावानिशी घेतलेत.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

मी खोलीत येरझाऱ्या घालत मोठ्याने म्हणत होते. आई दारात.

"माझ्या नावाने भाषण करू नकोस."

"तुझ्यासाठीच तर करतेय!"

"तेच म्हणते. ते लोक तुझ्या नावाने मला विचारतात, तू माझ्या नावाने त्यांना झोडपणार. मला कोण विचारतंय?"

गेली.

मी भाषण फाडलं नाही. फाडायला पाहिजे होतं का? राग येतो तिचाही! एवढं सोसायचं, आणि कुणी बाजूने उभं राहिलं तर त्यालाच थांबवायचं!

२४ नोव्हेंबर, रविवार

चिमणी आली. डोळे सुजलेले. हातात भावाच्या लग्नात घालायचा ड्रेस. कमरेत सैल होता. आईने तिला स्टुलावर उभं केलं आणि गुडघ्यांवर बसून टाचण्या लावायला लागली. तोंडात टाचण्या, त्यामुळे बोलता येईना. चिमणीला नेमकी तीच संधी मिळाली.

"मावशी, मी मूर्ख आहे. मला सुचलंच नाही की तू बघशील. माझ्या डोक्यात ते वाक्य म्हणजे... म्हणजे घड्याळाच्या टोल्यासारखं. तुला लागेल असं नाही वाटलं. तू ये ना गं लग्नाला. दादा माझ्याशी बोलत नाहीये."

आईने एकेक टाचणी तोंडातून काढून कापडात खुपसली. शेवटची लावून झाल्यावर म्हणाली, "फिर जरा. पुरे. वीतभर तरी आहे का कंबर?" मग स्टुलाच्या कडेला धरून उठली.

"मला हसू आलं होतं, चिमणे. खरंच. चोवीस चौकोन विचारणाऱ्यांचे. मी एकटीच उत्तर देणारी. आणि माझंच उत्तर इतकं पाठ, की विचारायच्या आधी रंगवून ठेवलेलं." चष्मा वर ढकलला. "मग वाटलं, खरंच की. एवढी वर्षं मी एकच वाक्य बोलत आले. लोकांना वाटतं मी तिचं काहीतरी लपवते. तिचं काम कधी उरकायचं नाही, हे मला तिच्या पंचविशीतच कळलं होतं. पण सरळ सांगितलं तर आणखी पंचवीस प्रश्न. म्हणून बघू, बघू. त्या वाक्याचा कंटाळा आला गं मला. तुमचा नाही."

मी दारात उभी. माझ्याकडे बघितलंही नाही तिने.

"मी नवं कार्ड करते," चिमणी म्हणाली. "मधे दुसरं काहीतरी घालते."

"नको. मधला कोरा ठेव."

"कोरा? मग खेळ कसा चालेल? तो फुकटचा असतो."

"नाही चालला तर नाही चालला," आई म्हणाली. "येते मी लग्नाला."

चिमणीने स्टुलावरूनच तिला मिठी मारली. टाचण्या दोघींना टोचल्या. ओरडल्या, हसल्या. मी आत जाऊन भाषणातून काकूंचा परिच्छेद काढला. एकच. बाकीचं राहू दिलं!

३० नोव्हेंबर, शनिवार

लग्न झालं. घरी येऊन लगेच लिहितेय, नाहीतर उद्यापर्यंत मी ते माझ्या सोयीचं करून टाकीन.

बसला गर्दी, म्हणून चष्मेवाल्यांनी गाडीने सोडलं. सज्जन माणूस. आम्ही उतरण्यापूर्वी आईच्या चष्म्याची काडी पुन्हा कसली त्यांनी, खिशातल्या बारक्या पेचकसाने. खिशात पेचकस ठेवून कोण फिरतं!

हॉल तसाच. खरखरता माइकही तोच असावा. काकूंनी आम्हाला खुर्च्यांच्या पहिल्या रांगेपाशी गाठलं. भोवती मावशी, काका, अर्धा डझन भावंडं. मी पाहिलं, तिघांचे हात खिशातल्या फोनकडे गेले. सवय! काकू रंगात होत्या. आता तर त्या प्रसिद्ध होत्या.

"काय मग? हिचं कधी? 😂" — हो, तोंडाने तो चेहरा काढता येतो, मी पाहिला.

सगळे आईच्या ओठांकडे बघत होते. मधल्या चौकोनाची वाट बघत. मलाही ते वाक्य ऐकू येत होतं, ती बोलायच्या आधी. "बघू, तिचं काम —"

आई म्हणाली, "ती नाही करणार."

काकूंचं हसू तसंच राहिलं, नुसतंच. मागे माणूस नसलेलं.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही करणार. तिने मला कधीच सांगितलं होतं. तुम्ही इतकी वर्षं विचारलंत, मी इतकी वर्षं टाळलं. आता सांगितलं. आता दुसरं काहीतरी विचारा. ती काय वाचते ते विचारा. मी विचारते कधी कधी, मला समजत नाही, पण छान सांगते."

काकांनी खाकरून घेतलं. काकूंच्या तोंडाची उघडझाप झाली. पुढचा चौकोनच नव्हता त्यांच्याकडे! चोवीसही प्रश्न त्या एका 'बघू'वर उभे होते. दार अर्धवट उघडं आहे म्हणून तर लोक डोकावत होते. तिने ते लावून घेतलं, कडी न आपटता.

मग माझं नाव पुकारलं. दोन शब्द.

मी माइकपाशी गेले. भाषण खिशात. चार पानं, प्रत्येक ओळीत दारूगोळा. समोर आई. पाठ ताठ, चष्मा सरळ. आणि मला उमगलं की माझ्याकडे बोलायला काहीही उरलं नाही. तिने एका वाक्यात सगळं संपवलं होतं. बोलले काय? "दोघांनी भांडताना एकमेकांचं वाक्य पूर्ण होऊ द्यावं." बसले. टाळ्या पडल्या, थोड्या गोंधळलेल्या.

चिडले आहे! हो, अजूनही! काकूंवर, ग्रुपवर, त्या मांजरीच्या चित्रावर. आणि थोडी आईवरही. एवढी मोठी तोफ घरात होती आणि मला पत्ता नाही!

चिमणीचा निरोप आला आहे : "खेळ बंद पडला. कुणाचीच रेघ पूर्ण झाली नाही."

१ डिसेंबर, रविवार

मोठ्या ग्रुपवर सकाळपासून शांतता. काकूंनी एक फुलाचं चित्र टाकलं. नुसतं फूल. मी त्यावर अंगठा दिला. हात जड झाला होता, पण दिला.

२ डिसेंबर, सोमवार

नाश्त्याला आई समोर बसली, चष्मा काढून पुसत.

"चष्मेवाले आणि मी लग्न करतोय," ती म्हणाली. "तुझं एकदा सांगून टाकल्याशिवाय माझं सांगता येत नव्हतं. लोक म्हणाले असते, मुलीचं राहिलं आणि हिला... जाऊ दे. एवढ्या लग्नांत कुणी मला माझं विचारलं नाही."

चहा माझ्या हातात तसाच. अडतीस वर्षं, इतक्या सभा, एवढं वाचन. आणि तोंडातून पहिला शब्द कोणता निघावा?

"कधी?"

आईने चष्मा लावला, माझ्याकडे नीट बघितलं.

"बिंगो," ती म्हणाली.